सिमेंट डीलरांसाठी तिमाही विक्री प्रोत्साहन योजना (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही योजना पुणे, सातारा, अहिल्यानगर आणि नाशिक या चार जिल्ह्यांतील आमच्या अधिकृत डीलरांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू होत आहे. योजनेचे पत्रक प्रत्येक डीलरला सेल्स ऑफिसरमार्फत दिलेले आहे. पत्रक हातात पडल्यावर जे प्रश्न हमखास येतात, विशेषतः स्लॅबची मोजणी, उशिरा भरलेली बिले आणि क्लेमची तारीख यांविषयीचे, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. आपल्या दुकानाचे हिशेब जे सांभाळतात, त्यांनीही हे पान एकदा शेवटपर्यंत वाचावे, अशी आमची विनंती आहे.

स्लॅब कोणते आहेत आणि दर किती आहे?

तिमाहीतील निव्वळ ट्रेड उचल १५० टनांपेक्षा कमी असल्यास प्रोत्साहन रक्कम मिळणार नाही. त्यापुढील दर असे आहेत:

१५० टनांपासून ३०० टनांच्या आत: प्रतिटन ₹६०
३०० टनांपासून ५०० टनांच्या आत: प्रतिटन ₹१००
५०० टनांपासून ८०० टनांच्या आत: प्रतिटन ₹१४०
८०० टन आणि त्याहून अधिक: प्रतिटन ₹१८०

एका टनात ५० किलोच्या २० गोण्या येतात, त्यामुळे हाच दर गोणीमागे अनुक्रमे ३, ५, ७ आणि ९ रुपये असा होतो. आपण ज्या स्लॅबमध्ये पोचाल, त्याचा दर पहिल्या टनापासून लागू होईल. म्हणजे ६०० टन उचलणाऱ्या डीलरला पहिल्या ३०० टनांना एक दर आणि पुढच्या टनांना दुसरा दर, असे टप्पे पडणार नाहीत.

स्लॅब टनांवर का ठेवले आहेत? उलाढालीच्या रकमेवर का नाहीत?

सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे एकाच मालाची बिलाची रक्कम सप्टेंबरच्या सुरुवातीला वेगळी आणि ऑक्टोबरमध्ये वेगळी दिसेल. शिवाय दिवाळीनंतर बांधकामे सुरू झाली की बाजारभावही वरखाली होतात. रकमेवर स्लॅब ठेवले असते, तर भाव उतरल्यावर तेवढाच माल उचलूनही डीलर खालच्या स्लॅबमध्ये गेला असता, आणि ते न्याय्य झाले नसते.

निव्वळ ट्रेड उचल म्हणजे नेमके काय?

१ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात आपल्या डीलर कोडवर ट्रेड दराने बिल झालेला पीपीसी, पीएससी आणि ओपीसी ५३ ग्रेडचा गोणीबंद माल एकत्र करून त्यातून परत आलेला माल वजा केला, की जो आकडा उरतो, ती निव्वळ ट्रेड उचल होय. तिन्ही प्रकारांची बेरीज एकत्र धरली जाईल. प्रत्येक प्रकाराचा वेगळा स्लॅब नाही.

बिल्डर किंवा ठेकेदाराला विशेष दराने दिलेला नॉन-ट्रेड माल, टँकरने दिलेले सुटे सिमेंट आणि रेडीमिक्स प्लांटला गेलेला माल यात धरला जाणार नाही, जरी ती ऑर्डर आपल्या ओळखीने आलेली असली तरीही. ट्रेड दराने आपल्या नावावर बिल झालेला माल आपल्या सांगण्यावरून थेट गिऱ्हाइकाच्या साइटवर उतरवला असेल, तर मात्र तो पूर्ण धरला जाईल, कारण खरेदी आपली आहे आणि पैसेही आपणच भरणार आहात.

फुटलेल्या किंवा भिजलेल्या गोण्या परत घेतल्या असतील, तर चूक वाहतूकदाराची असली तरी तेवढे टन वजा होतील. बदली माल नव्या बिलाने पाठवला, की त्या बिलाच्या तारखेला तो पुन्हा उचलीत येतो.

बिलाची तारीख धरायची की माल पोचल्याची?

बिलाची तारीख धरली जाईल. मात्र ३१ डिसेंबरपर्यंतच्या बिलांचा माल २ जानेवारी २०२६ पर्यंत प्रत्यक्ष उतरलेला असला पाहिजे आणि ट्रकच्या डिलिव्हरी चलनावर आपला शिक्का, सही आणि तारीख असली पाहिजे. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी बिल काढून माल मात्र डेपोतच पडून राहिला, असे होऊ नये, यासाठी ही अट आहे. शेवटच्या आठवड्यात डेपोवर गाड्यांची रांग लागते, म्हणून आपली ऑर्डर वेळेवर नोंदवावी.

माझी उचल ४९८ टन झाली, तर काय होईल?

आपण ३०० ते ५०० टनांच्या स्लॅबमध्ये राहाल आणि ४९८ टनांवर ₹१०० प्रमाणे ₹४९,८०० मिळतील. आणखी २ टन, म्हणजे ४० गोण्या उचलल्या असत्या, तर ५०० टनांवर ₹१४० प्रमाणे ₹७०,००० मिळाले असते. पहिल्या टनापासून दर लागू होणाऱ्या कोणत्याही योजनेत स्लॅबच्या सीमेवर अशी मोठी उडी असते, आणि ती आम्ही जाणूनबुजून ठेवली आहे, कारण उद्दिष्ट गाठणाऱ्याला त्याचे पूर्ण फळ मिळावे, असे आम्हाला वाटते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. सीमा जवळ आली, की गरज नसताना माल भरण्याचा मोह होतो, आणि पुढच्या प्रश्नात सांगितलेली मर्यादा त्यासाठीच घातली आहे. सीमेपासून दोन-चार टन खाली राहिलेल्या उचलीला सवलत देऊन वरचा स्लॅब देण्याचा अधिकार सेल्स ऑफिसर किंवा डेपो मॅनेजर यांपैकी कोणालाही नाही. कोणी तसे तोंडी सांगितले, तर ते गृहीत धरू नये.

डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांवर मर्यादा का आहे आणि ती कशी मोजायची?

२२ ते ३१ डिसेंबर या दहा दिवसांतील उचल ही तिमाहीच्या एकूण निव्वळ उचलीच्या २५ टक्क्यांपर्यंतच या योजनेत मोजली जाईल. उदाहरणार्थ, एखाद्या डीलरची तिमाहीची निव्वळ उचल ५२० टन आहे आणि त्यांतील १६० टन त्याने शेवटच्या दहा दिवसांत उचलले आहेत. ५२० चे २५ टक्के म्हणजे १३० टन होतात. त्यामुळे वरचे ३० टन वगळले जातील, त्याची मोजलेली उचल ४९० टन राहील आणि तो ₹१४० च्या नव्हे, तर ₹१०० च्या स्लॅबमध्ये येईल. वगळलेले ३० टन वाया जाणार नाहीत. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत योजना जाहीर झाल्यास ते त्या तिमाहीच्या उचलीत जमा धरले जातील.

या मर्यादेमागचे कारण गोदामात दिसते. सिमेंट हवेतील ओलावा शोषून घेते आणि साठवणीत त्याची ताकद घटत जाते. गोणीत तीन महिन्यांहून जास्त राहिलेल्या सिमेंटची वापरापूर्वी पुन्हा चाचणी घ्यावी, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, आणि आता गवंडीसुद्धा तो पाहून माल नाकारतात. स्लॅबसाठी डिसेंबरअखेर भरलेला जास्तीचा माल फेब्रुवारी-मार्चपर्यंत पडून राहिला, तर खालच्या थरांतील गोण्यांच्या कडा कडक होतात, मग त्या भाव उतरवून काढाव्या लागतात, आणि गोणीमागे मिळवलेले ५-७ रुपये एका झटक्यात निघून जातात. इतर डीलरांनाही त्याचा फटका बसतो, कारण एका दुकानातून कमी भावात निघालेला जुना माल साऱ्या तालुक्याचा भाव पाडतो.

ज्यांना थोडा जास्त साठा करावाच लागणार आहे, त्यांनी गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून आणि दहा थरांपेक्षा उंच न रचता ठेवाव्यात, आणि जुन्या आठवड्याचा माल आधी काढावा. गोणी हाताने दाबून पाहिल्यावर आत बोटाने न फुटणारे खडे लागले, तर तो माल कोणत्याही कारणाने गिऱ्हाइकाला देऊ नये.

पात्रतेच्या अटी कोणत्या?

आपली डीलरशिप १ ऑक्टोबर २०२५ रोजी चालू असली पाहिजे, सुरक्षा ठेव पूर्ण भरलेली असली पाहिजे आणि जीएसटी नोंदणी संपूर्ण तिमाहीत सक्रिय असली पाहिजे. नोंदणी मध्येच निलंबित झाली, तर निलंबनाच्या काळातील उचल धरता येणार नाही.

ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये नव्याने नेमलेल्या डीलरांसाठी स्लॅब महिन्यांच्या प्रमाणात कमी होतील. नोव्हेंबरपासून सुरुवात करणाऱ्याला दोन महिने मिळतात, म्हणून त्याच्यासाठी १५० टनांऐवजी १००, ३०० ऐवजी २००, अशा सीमा राहतील. ऑक्टोबरमध्ये १५ तारखेपर्यंत पहिले बिल झाले, तर पूर्ण तिमाही धरली जाईल. डिसेंबरमध्ये सुरू होणाऱ्यांना ही योजना लागू नाही.

माझ्या दोन दुकानांची उचल एकत्र धरली जाईल का?

दोन्ही कोड एकाच जीएसटी नोंदणी क्रमांकावर असतील, तर होय. भावाच्या, पत्नीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावाने वेगळी नोंदणी असेल, तर दोन्ही कोड स्वतंत्र मोजले जातील. आपले एक दुकान अहिल्यानगर जिल्ह्यात आणि दुसरे गोव्यात असेल, तर त्यांच्या नोंदण्या राज्यनिहाय वेगळ्या असतात, आणि शिवाय गोवा या योजनेच्या क्षेत्रातही नाही.

बिल उशिरा भरले, तर संपूर्ण रक्कम जाते का?

नाही, पण नुकसान होते. प्रत्येक बिल त्याच्या तारखेपासून २१ दिवसांत पूर्ण भरले गेले पाहिजे. २१ दिवसांनंतर भरलेल्या बिलातील टन स्लॅब ठरवताना धरले जातील, परंतु त्या टनांवर प्रोत्साहन रक्कम मिळणार नाही. चेक दिला असेल, तर चेक दिल्याची नव्हे, तर तो वटल्याची तारीख मोजली जाईल. चेक परत आला आणि दुसऱ्यांदा वटला, तर दुसऱ्या वेळची तारीख लागू होईल.

३१ डिसेंबरच्या बिलाचे २१ दिवस २१ जानेवारी २०२६ रोजी, बुधवारी, संपतात. त्या संध्याकाळी आपल्या खात्यावर तिमाहीतील एकही बिल थकलेले नसावे. थकलेले असल्यास क्लेम रोखून ठेवला जाईल आणि ३१ जानेवारीपर्यंत थकबाकी न भरल्यास तो रद्द होईल. रकमेवरून वाद चालू असेल, उदाहरणार्थ कमी उतरलेल्या गोण्यांचा किंवा दरफरकाचा, तर वादातील रक्कम बाजूला ठेवून उरलेले बिल भरावे आणि वादाची लेखी नोंद २१ दिवसांच्या आत डेपोत द्यावी. अशा लेखी नोंदलेल्या रकमेमुळे क्लेम अडणार नाही. तोंडी केलेली तक्रार मात्र आम्हाला मोजता येत नाही, हे कृपया समजून घ्यावे.

पूर्ण हिशेब उदाहरणासह समजावून सांगाल का?

समजा, संगमनेरच्या एका डीलरने ऑक्टोबरमध्ये १४०, नोव्हेंबरमध्ये १६५ आणि डिसेंबरमध्ये २१५ टन ट्रेड माल उचलला. एकूण ५२० टन झाले. नोव्हेंबरमध्ये एक गाडी वाटेत अवकाळी पावसात सापडली, ताडपत्री फाटली आणि १२० भिजलेल्या गोण्या, म्हणजे ६ टन माल परत गेला. निव्वळ उचल ५१४ टन राहिली.

आता शेवटचे दहा दिवस पाहू. २२ ते ३१ डिसेंबरमध्ये त्याने ९० टन उचलले. ५१४ चे २५ टक्के १२८.५ टन होतात आणि ९० टन त्याच्या आत आहेत, म्हणून काहीही वगळले जाणार नाही. ५१४ टन ₹१४० च्या स्लॅबमध्ये येतात.

त्यानंतर बिले तपासली, तर दिवाळीच्या गडबडीत १८ टनांचे एक बिल २९व्या दिवशी भरलेले सापडले. हे १८ टन स्लॅबसाठी धरले गेले, पण रकमेसाठी नाही. म्हणून ५१४ वजा १८, म्हणजे ४९६ टनांवर ₹१४० प्रमाणे ₹६९,४४० मिळतील. आठ दिवसांच्या विलंबामुळे ₹२,५२० गेले.

याच उदाहरणात एक बदल करून पाहावा. परत गेलेला माल ६ ऐवजी २६ टन असता, तर निव्वळ उचल ४९४ टन झाली असती, दर ₹१०० वर उतरला असता आणि उशिराचे १८ टन वजा करून ४७६ टनांवर ₹४७,६०० मिळाले असते. फरक ₹२१,८४० चा आहे. त्यामुळे ज्यांची उचल स्लॅबच्या सीमेजवळ आहे, त्यांनी परत गेलेल्या मालाची बदली बिले तिमाही संपण्यापूर्वी निघाली आहेत की नाहीत, हे स्वतः पाहावे. आमच्या अनुभवात, डीलरला अपेक्षित स्लॅब आणि प्रत्यक्ष स्लॅब यांत फरक पडतो, तो बहुतेक वेळा याच ठिकाणी पडतो.

क्लेम कधी आणि कसा करायचा?

क्लेम सोमवार, ५ जानेवारी २०२६ पासून स्वीकारले जातील आणि शेवटची मुदत शुक्रवार, २३ जानेवारी २०२६, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत आहे. डीलर पोर्टलवर भरलेला क्लेम तेथील वेळेनुसार मोजला जाईल. कागदी फॉर्म डेपोत दिल्यास आवक शिक्का मारलेली प्रत अवश्य घ्यावी, कारण पुढे मुदतीचा प्रश्न उभा राहिला, तर तोच आपला पुरावा असेल. सेल्स ऑफिसरच्या हातात दिलेला किंवा त्याच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवलेला फॉर्म हा दाखल झालेला क्लेम नाही.

फॉर्मसोबत तीन कागद लागतील: मालक किंवा अधिकृत भागीदाराची सही व फर्मचा शिक्का असलेली बिलांची यादी, ३१ डिसेंबरच्या शिल्लक रकमेची खातेपुष्टी आणि त्याच तारखेचे साठापत्रक. साठापत्रकात प्रकारानुसार गोण्या आणि सर्वांत जुन्या गोणीवर छापलेला आठवडा लिहावा. साठा जास्त दिसला म्हणून क्लेम कमी केला जाणार नाही. पुढच्या तिमाहीत आपल्याकडे माल किती पाठवायचा, हे ठरवण्यासाठी ही माहिती लागते.

सगळी बिले कंपनीकडेच आहेत. मग क्लेम मागता कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. संगणकातला आकडा आणि दुकानात प्रत्यक्ष उतरलेला माल यांत दर तिमाहीत फरक सापडतात, आणि ते डीलरने दाखवल्याशिवाय आम्हाला दिसत नाहीत. सर्वांत नेहमीचा प्रकार असा, की २५ टनांची एक गाडी दोन दुकानांत उतरते, १५ टन एकाकडे आणि १० टन दुसऱ्याकडे, पण घाईत संपूर्ण ५०० गोण्यांचे बिल पहिल्याच्या कोडवर निघते. दोघे आपसांत पैशांचा हिशेब करून मोकळे होतात, आणि जानेवारीत दुसऱ्याला कळते की त्याचे १० टन मोजलेच गेले नाहीत.

असे झाले असेल, तर त्याच दिवशी डेपोला कळवावे. ई-इन्व्हॉइस निघाल्यापासून २४ तासांच्या आतच रद्द करता येते. त्यानंतर आम्हाला क्रेडिट नोट काढून दुसऱ्या डीलरच्या नावाने नवे बिल करावे लागते, आणि ते नवे बिल ३१ डिसेंबरपर्यंत निघाले, तरच या तिमाहीत धरले जाते. जानेवारीत केलेली कोडची दुरुस्ती, दोन्ही डीलरांची लेखी संमती असली तरी, या योजनेत घेता येणार नाही. म्हणून प्रत्येक गाडीचे बिल आल्यावर त्यावरील कोड आणि गोण्यांची संख्या चलनाशी ताडून पाहावी, आणि महिन्याअखेर आपली उचल पोर्टलवरील आकड्याशी जुळवावी.

मुदत चुकली, तर विनंतीवरून क्लेम स्वीकाराल का?

२३ जानेवारीनंतर आलेले क्लेम स्वीकारले जाणार नाहीत. केवळ मालकाचे निधन किंवा रुग्णालयात भरती होणे अशा प्रसंगी कागदपत्रांसह ३१ जानेवारीपर्यंत विचार केला जाईल. मालकाचे निधन झाले असल्यास क्लेम कायदेशीर वारसाच्या सहीने करता येईल आणि खात्याचे हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत रक्कम राखून ठेवली जाईल.

रक्कम कशी मिळेल? रोख, बँकेत की खात्यावर?

मंजूर झालेली रक्कम शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत क्रेडिट नोटने आपल्या खात्यावर जमा होईल आणि पुढच्या बिलांत वळती करता येईल. रोख रक्कम किंवा वस्तू दिली जाणार नाही.

क्रेडिट नोटवर जीएसटी असेल का? इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावे लागेल का?

नाही. आम्ही जीएसटी नसलेली, केवळ व्यावसायिक क्रेडिट नोट देणार आहोत. वरच्या उदाहरणातील डीलरला ₹६९,४४० ची क्रेडिट नोट मिळेल, त्यावर १८ टक्के कर दाखवलेला नसेल आणि आम्ही मूळ बिलांवरील आमचे करदायित्वही कमी करणार नाही. म्हणून त्या बिलांवर आपण घेतलेले क्रेडिट कायम राहते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रक क्रमांक २५१/०८/२०२५ मध्ये हे स्पष्ट केलेले आहे.

आपल्या अकाउंटंटना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: ही क्रेडिट नोट आमच्या जीएसटी विवरणपत्रात जात नाही, त्यामुळे ती GSTR-2B मध्ये दिसणार नाही. ती तेथे दिसत नाही म्हणून नोट खोटी आहे किंवा राहून गेली आहे, असे समजू नये, आणि सवयीने त्यावरचा कर काढून क्रेडिटही कमी करू नये. तसे केले, तर आपले स्वतःचे पैसे विनाकारण जातात.

आणखी एक मुद्दा यातून निघतो. या योजनेच्या बदल्यात आम्ही आपल्याकडून फलक लावणे, गवंडी मेळावा घेणे किंवा जाहिरात करणे असे कोणतेही काम मागत नाही. ही रक्कम खरेदीवरची सूट आहे. त्या परिपत्रकाप्रमाणे डीलरने ठरवून प्रचाराची सेवा दिली, तर तो वेगळा व्यवहार ठरतो आणि त्यावर कर लागू होतो. तसे काही काम ठरले, तर त्याचा करार आणि बिल स्वतंत्र असेल, आणि ते या योजनेत मिसळले जाणार नाही.

गेल्या काही योजनांत दुचाकी, सोन्याचे नाणे किंवा सहल असायची. ती का काढली?

१ जुलै २०२२ पासून आयकर कायद्याचे कलम १९४आर लागू आहे. व्यवसायाच्या संबंधात वस्तू किंवा सहलीच्या रूपाने दिलेल्या लाभाचे मूल्य आर्थिक वर्षात ₹२०,००० पेक्षा जास्त झाले, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो, आणि लाभ वस्तुरूप असेल, तर कर भरला गेल्याची खात्री करूनच तो द्यावा लागतो. म्हणजे सहल मिळण्याआधी डीलरला आपल्या खिशातून कर भरावा लागतो, किंवा तो कंपनीने भरून लाभात मोजावा लागतो. विक्रीवरील सूट आणि रिबेट यांना प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रक क्रमांक १२/२०२२ ने या कापणीतून मोकळीक दिली आहे. शिवाय सहलीला जाण्याची इच्छा नसलेल्या डीलरला ती मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच असते. खात्यावर जमा झालेली रक्कम प्रत्येकाच्या कामाची असते, असे आमचे मत आहे.

मिळणारी रक्कम धरून मी आत्ताच गिऱ्हाइकाला भाव कमी करून देऊ का?

आपण कोणत्या भावाने विकायचे, हा आपला निर्णय आहे. कंपनी किमान विक्री-भाव ठरवत नाही, आणि तसा भाव पुढच्या विक्रेत्यावर लादणे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) खाली आक्षेपार्ह ठरू शकते. म्हणून सेल्स ऑफिसरने अमुक भावाखाली विकू नका असे सांगितले, तर ते कंपनीचे धोरण नाही.

हिशेबाची एक बाजू मात्र लक्षात घ्यावी. ५०० टनांचा स्लॅब गृहीत धरून ऑक्टोबरपासूनच गोणीमागे ७ रुपये सोडले आणि डिसेंबरअखेर उचल ४९४ टनांवर अडली, तर हाती गोणीमागे ५ रुपयेच येतात. ४९४ टनांच्या ९,८८० गोण्यांवर गोणीमागचे ते २ रुपये, म्हणजे ₹१९,७६० आपल्याच नफ्यातून जातात. उपडीलरला काही रक्कम द्यायची ठरली असेल, तर ती आपली क्रेडिट नोट आल्यावर आणि लेखी स्वरूपात द्यावी.

माझ्या जिल्ह्याबाहेर माल विकला, तर चालेल का?

आपल्या दुकानातून दुसऱ्या तालुक्यातील गिऱ्हाइकाने माल नेला, तर त्यावर कोणतेही बंधन नाही. परंतु डेपोतून थेट योजनेच्या चार जिल्ह्यांबाहेर पाठवलेली गाडी या योजनेत मोजली जाणार नाही. ई-वे बिलावरील माल उतरवण्याचा पिनकोड त्यासाठी पाहिला जाईल.

योजनेसाठी उधारीची मर्यादा वाढवून मिळेल का?

नाही. स्लॅब गाठण्यासाठी मर्यादा वाढवली, तर जानेवारीत एकाच वेळी अनेक बिले देय होतात आणि २१ दिवसांची अट मोडते, त्यामुळे वाढवलेल्या मर्यादेचा डीलरला शेवटी तोटाच होतो.

माझ्या हिशेबाशी कंपनीचा आकडा जुळला नाही, तर काय करावे?

क्रेडिट नोटसोबत एक तपशीलपत्रक येईल. त्यात मोजलेले टन, परत आलेले टन, शेवटच्या दहा दिवसांत वगळलेले टन आणि उशिरामुळे रकमेतून कमी केलेली बिले वेगवेगळी दाखवलेली असतील. फरक दिसल्यास २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत डेपोच्या हिशेब विभागाकडे लेखी हरकत द्यावी आणि तीत बिल क्रमांक, बिलाची तारीख, गोण्यांची संख्या आणि चलनाची प्रत जोडावी. एकूण आकडा चुकीचा आहे एवढेच लिहिले, तर तपासाला सुरुवात करायची कोठून, हे आम्हाला समजत नाही. नेमके बिल दाखवले, तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल, आणि चूक आमची निघाल्यास पूरक क्रेडिट नोट त्याच उत्तरासोबत दिली जाईल.